‘बसा’, ‘बसावे’ की ‘बसाल का?’: अनोळखी व्यक्तीला किंवा वडीलधाऱ्यांना सांगताना मराठीत नेमके काय बरोबर?

सोसायटीच्या नोटिशीत ‘सभासदांनी पाणी भरून ठेवा’ असे लिहिणे चूक का? ‘करा’पेक्षा ‘करावे’ खरेच जास्त नम्र आहे का? आणि आजोबांना ‘इथं सही करायची’ असे सांगितले की ते का दुखावतात? समजून घेऊया सोप्या भाषेत.

सरकारी कार्यालयातली खिडकी. काचेमागे पंचविशीतला कर्मचारी, समोर सत्तरीचे गृहस्थ. कर्मचारी फॉर्मवर बोट ठेवून म्हणतो, “इथं सही करायची. मग तिकडे जाऊन थांबायचं.” गृहस्थ सही करतात, पण परतताना सोबतच्या माणसाला म्हणतात, “काय बोलायची पद्धत आहे ही!” कर्मचाऱ्याने ‘तू’ म्हटलेले नाही, आवाज चढवलेला नाही. त्याच्या मते तो नीटच बोलला. तरीही एक माणूस अपमान झाल्याची भावना घेऊन घरी जातो.

हा सगळा घोळ क्रियापदाच्या शेवटच्या एका-दोन अक्षरांचा आहे. मराठीत कोणालाही काही करायला सांगायचे असेल, तर निदान पाच रूपे हाताशी असतात: कर, करा, करावे, करायचे आणि कराल का. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. जागा चुकली की कधी व्याकरण चुकते, तर कधी व्याकरण बरोबर असूनही माणूस दुखावतो. या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

‘करा’ उद्धट आहे का?

सुरुवात सर्वांत मोठ्या गैरसमजापासून. अनेकांना वाटते की ‘करा’ म्हणजे हुकूम आणि ‘करावे’ म्हणजे विनंती. त्यामुळे अनोळखी माणसासाठी मजकूर लिहायचा म्हटले की सगळीकडे ‘करावे’, ‘यावे’, ‘द्यावे’ पेरले जाते.

प्रत्यक्षात ‘बसा’, ‘या’, ‘सांगा’ ही ‘तुम्ही’ची रूपे आहेत. एका व्यक्तीसाठी अनेकवचन वापरणे हाच मराठीतला आदर आहे. दारात आलेल्या पाहुण्याला “या, या, बसा” म्हणतात, ते आदरानेच. डॉक्टरांना “सांगा ना डॉक्टर” म्हणतो, शिक्षकांना “सर, एकदा बघा ना” म्हणतो. यात उणे काहीच नाही. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसासाठी ‘-आ’चे हे रूप पूर्णपणे बरोबर आहे.

‘करा’ला हुकूम मानण्यामागे हिंदीचाही हात आहे. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. ‘करो’ हे ‘तुम’चे रूप, म्हणजे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी. मोठ्यांसाठी ‘कीजिए’ किंवा ‘करिए’. हिंदी कानाला मराठी ‘तुम्ही’ हे ‘तुम’सारखे आणि ‘करा’ हे ‘करो’सारखे ऐकू येते. पण अर्थाने मराठी ‘तुम्ही’ बहुतेक वेळा हिंदी ‘आप’च्या जागी असते. उत्तरेकडून येऊन मराठी शिकणारा माणूस म्हणूनच सुरुवातीला ‘तुम्ही बसा’ म्हणायला कचरतो. याची उलटी बाजूही आहे. मराठी माणूस ‘तुम्ही बसा’चे शब्दशः हिंदी करून एखाद्या वयस्कर हिंदी भाषकाला “तुम बैठो” म्हणतो. त्याच्या मनात आदर असतो, समोरच्याला मात्र उद्धटपणा जाणवतो.

मग ‘करावे’ कशासाठी?

शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘करा’ हा आज्ञार्थ, तर ‘करावे’ हा विध्यर्थ. विध्यर्थातून कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता असे बरेच काही व्यक्त होते. ‘मोठ्यांचा मान राखावा’ हे कर्तव्य, ‘यंदा पाऊस चांगला व्हावा’ ही इच्छा.

सूचनेत या रूपाचा खरा उपयोग वेगळा आहे. ‘करा’ म्हणताना समोर कोणीतरी उभे असते आणि आपण त्याच्याशी थेट बोलतो. ‘करावे’ म्हणताना समोर कोणी असण्याची गरज नसते. ‘प्रवाशांनी रांगेत उभे राहावे’ या वाक्यात आपण कोणा एकाशी बोलत नाही. प्रवासी नावाच्या गटाने काय करणे अपेक्षित आहे, एवढे नोंदवतो. म्हणूनच फलक, परिपत्रक, निविदा, परीक्षेची सूचना, रेल्वे स्थानकावरची घोषणा ही या रूपाची नैसर्गिक घरे आहेत.

थेट न बोलता अंतर राखणे हा सौजन्याचा एक प्रकार आहे, पण त्यातून थंडपणाही येतो. “आपण बसावं, मी चहा सांगतो” यातले ‘बसावं’ अगदी आदबीचे आहे. “विलंब झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही, याची नोंद घ्यावी” यातले ‘घ्यावी’ कोरडे आहे. रूप तेच आहे, फरक बाकीच्या वाक्याने केला. थोडक्यात, ‘-आवे’ लावले की वाक्य आपोआप नम्र होत नाही. ते औपचारिक मात्र होते.

लग्नपत्रिकेत ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहावे’ छान वाटते, कारण तो लेखी आणि औपचारिक प्रसंग आहे. तीच व्यक्ती दारात आल्यावर “आत यावे, चपला काढाव्यात, पाणी घ्यावे” असे म्हणू लागलात, तर पाहुण्याला आपली थट्टा चालली आहे असे वाटेल. तिथे “या, बसा, पाणी घ्या” हेच बरोबर.

सर्वांत जास्त होणारी चूक: ‘-नी’ आणि ‘करा’ एकत्र

आता व्याकरणाची खरीखुरी चूक पाहू. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूचनांमध्ये अशी वाक्ये रोज दिसतात:

‘सर्व नागरिकांनी घरातच राहा.’
‘ग्राहकांनी आपला ओटीपी कोणालाही सांगू नका.’
‘पालकांनी मुलांचे आधार कार्ड घेऊन या.’

तिन्ही वाक्ये कळतात, पण तिन्ही चुकीची आहेत. ‘नागरिकांनी’ म्हटले की आपण नागरिकांबद्दल बोलू लागतो. ‘राहा’ म्हटले की नागरिकांशी बोलू लागतो. एकाच वाक्यात दोन्ही चालत नाही. वाक्याचा पहिला भाग फलकावर लिहिलेला आणि दुसरा भाग तोंडावर सांगितलेला, असा प्रकार होतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. कर्त्याला ‘-नी’ ठेवायचा असेल, तर क्रियापद ‘-आवे’चे घ्या: ‘नागरिकांनी घरातच राहावे’, ‘ग्राहकांनी ओटीपी कोणालाही सांगू नये’. थेट बोलायचे असेल, तर ‘-नी’ काढून ‘-नो’ किंवा ‘-हो’ लावा आणि पुढे स्वल्पविराम द्या: ‘नागरिकांनो, घरातच राहा’, ‘ग्राहकहो, ओटीपी कोणालाही सांगू नका’.

नकारातही हीच जोडी सांभाळायची असते. ‘करा’चा नकार ‘करू नका’ आणि ‘करावे’चा नकार ‘करू नये’. ‘तू’साठी ‘करू नको’. त्यामुळे ‘प्रवाशांनी रूळ ओलांडू नका’ हे चूक, ‘प्रवाशांनी रूळ ओलांडू नयेत’ हे बरोबर.

‘राहावे’ की ‘राहावेत’? शेवटचा ‘त’ कुठून येतो?

वरच्या वाक्यात ‘नये’ऐवजी ‘नयेत’ आले. हा ‘त’ अनेकांना गोंधळात टाकतो. ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावेत’ असे लिहिणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असा असतो: सभासद अनेक आहेत, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. हिशेब सरळ वाटतो, पण चुकीचा आहे.

कर्त्याला ‘-नी’ लागला की क्रियापद त्याच्याकडे पाहतच नाही. सभासद एक असो की शंभर, फरक पडत नाही. क्रियापद पाहते ते कर्माकडे, म्हणजे ज्यावर क्रिया करायची आहे त्या वस्तूकडे. अर्ज भरावा, माहिती भरावी, नाव लिहावे. वस्तू अनेक असतील तर अर्ज भरावेत, पावत्या जोडाव्यात, कागदपत्रे आणावीत. ‘त’ येतो तो अर्ज, पावत्या, कागदपत्रे अनेक आहेत म्हणून. रूळ अनेक, म्हणून ‘ओलांडू नयेत’.

‘उपस्थित राहणे’, ‘येणे’, ‘थांबणे’ या क्रियांना कर्मच नसते. मग क्रियापदाने पाहायचे कोणाकडे? कोणाकडेच नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. म्हणून ‘सर्वांनी उपस्थित राहावे’, ‘पाहुण्यांनी वेळेवर यावे’. कर्माला ‘-ला’ किंवा ‘-ना’ लागला असेल तरीही क्रियापद असेच स्थिर राहते: ‘लहान मुलांना लिफ्टमध्ये एकटे पाठवू नये’. इथे मुले अनेक असली तरी ‘नयेत’ नको.

‘पाहुणे वेळेवर यावेत’ हे वाक्य मात्र बरोबर आहे, कारण तिथे ‘पाहुण्यांनी’ नाही, ‘पाहुणे’ आहे. ‘-नी’ नसल्यामुळे क्रियापद पाहुण्यांशी जुळते. पण अर्थही बदलला आहे. ‘पाहुण्यांनी वेळेवर यावे’ ही सूचना झाली, ‘पाहुणे वेळेवर यावेत’ ही यजमानाची इच्छा झाली.

एक नोटीस, चार दुरुस्त्या

हे सगळे एका नमुन्यावर तपासून पाहू. पाण्याच्या टाकीच्या सफाईची अशी नोटीस कोणत्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊ शकते:

‘रविवारी टाकी साफ करण्यात येणार आहे. सर्व सभासदांनी शनिवारी रात्री पाणी भरून ठेवा. टाकीजवळ गाड्या लावू नये. ज्येष्ठ नागरिकांनी बादल्या उचलू नका, वॉचमनला सांगावे. थकबाकीदारांनी पावत्या घेऊन कार्यालयात उपस्थित राहावेत.’

पहिली चूक ‘सभासदांनी… ठेवा’. ‘-नी’ आहे, म्हणून ‘भरून ठेवावे’ हवे. दुसरी चूक ‘गाड्या लावू नये’. इथे गाड्या हे कर्म अनेकवचनी आहे, म्हणून ‘लावू नयेत’. चौथ्या वाक्यात ‘उचलू नका’ आणि ‘सांगावे’ अशी दोन रूपे एकमेकांशी भांडत आहेत. बादल्या अनेक, म्हणून ‘उचलू नयेत’. वॉचमनला ‘-ला’ आहे, म्हणून ‘सांगावे’ तसेच राहील. चौथी चूक ‘राहावेत’. राहण्याला कर्म नाही, म्हणून ‘राहावे’.

दुरुस्त नोटीस अशी होईल: ‘रविवारी टाकी साफ करण्यात येणार आहे. सर्व सभासदांनी शनिवारी रात्री पाणी भरून ठेवावे. टाकीजवळ गाड्या लावू नयेत. ज्येष्ठ नागरिकांनी बादल्या उचलू नयेत, वॉचमनला सांगावे. थकबाकीदारांनी पावत्या घेऊन कार्यालयात उपस्थित राहावे.’

व्याकरण बरोबर झाले, पण नोटीस अजूनही कोरडीच आहे. ज्येष्ठांच्या सोयीसाठी लिहिलेले वाक्य त्यांना मनाई केल्यासारखे वाटते. फलकावर लावायची असेल तर हे ठीक आहे. पण रोज एकमेकांना भेटणाऱ्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायची असेल, तर थेट रूप जास्त शोभेल: ‘सभासदहो, रविवारी टाकी साफ होणार आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. टाकीजवळ गाड्या लावू नका. घरात कोणाला बादल्या उचलणे जड जात असेल, तर वॉचमनला सांगा, तो मदत करेल.’ यात एकही ‘-आवे’ नाही, ‘कृपया’ही नाही. तरीही ही नोटीस पहिलीपेक्षा नम्र आहे, कारण नम्रपणा प्रत्ययात नसून ‘जड जात असेल तर’ आणि ‘मदत करेल’ यांत आहे.

‘जा’ का खटकतो?

‘-आ’चे रूप आदराचे असे वर म्हटले. पण काही धातूंच्या बाबतीत ही युक्ती फसते. ‘कर’चे ‘करा’ होते, ‘दे’चे ‘द्या’, ‘पी’चे ‘प्या’, ‘हो’चे ‘व्हा’. पण जे धातू मुळातच ‘आ’ने संपतात, त्यांचे काय? तू जा, तुम्हीही जा. तू खा, तुम्हीही खा. ‘गा’, ‘राहा’, ‘पाहा’ यांचेही तसेच. या क्रियापदांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक कानाला ऐकूच येत नाही. त्यामुळे मोठ्या माणसाला नुसते “पुढे जा” म्हटले की ते एकेरी वाटू शकते.

बोलीभाषेने यावर स्वतःचा उपाय शोधला आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मोठ्या माणसाला “तुम्ही जावा की”, “खावा की” म्हणतात. प्रमाण मराठी बोलणारे याला कधीकधी हसतात, पण यामागचा विचार पक्का आहे. ‘कर’ला ‘करा’ असा आदराचा जोडीदार आहे, तसा तो ‘जा’लाही मिळवून दिला आहे. मालवणीतले स्वागताचे ‘येवा’ही प्रमाण मराठीतल्या ‘या’च्या जागी येते. विदर्भात “बसा ना जी” म्हणताना आदराचे काम ‘जी’ करते. लेखी प्रमाण मराठीत ‘तुम्ही जावा’ चालणार नाही. पण त्या भागात बोलताना ते चूक नाही, आणि अनादराचे तर मुळीच नाही.

प्रमाण मराठीत बोलणाऱ्याकडे दोन सोपे उपाय आहेत. एक, संबोधन जोडणे: “काका, तुम्ही पुढे जा.” ‘तुम्ही’ म्हटले की शंका संपते. दुसरा, प्रश्न करणे: “पुढे जाता का?” किंवा “पुढे जाल का?” इथे ‘तू’ असता तर ‘जातोस का’, ‘जाशील का’ झाले असते, त्यामुळे फरक स्पष्ट ऐकू येतो. घरातून निघणाऱ्या पाहुण्याला मराठी माणूस ‘जा’ म्हणतच नाही, तो “या मग” म्हणतो. पाहुणाही “जातो” न म्हणता “येतो” म्हणतो.

याच गटातला शुद्धलेखनाचा एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ‘पाहा’ की ‘पहा’? मराठी साहित्य महामंडळाच्या आणि राज्य शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखन नियमांनुसार मूळ रूपे ‘पाहणे’, ‘राहणे’, ‘वाहणे’ अशीच लिहायची. मात्र आज्ञार्थात ‘पाहा’, ‘राहा’, ‘वाहा’ यांच्याबरोबर ‘पहा’, ‘रहा’, ‘वहा’ लिहायलाही हरकत नाही. ही सवलत फक्त आज्ञार्थापुरती आहे. त्यामुळे ‘येथे पहा’ चालेल, पण ‘उपस्थित रहावे’ नाही. तिथे ‘राहावे’च हवे.

‘सही करायची’ ऐकून राग का येतो?

आता पुन्हा त्या खिडकीपाशी. ‘करायचे’ हे रूप आज काउंटरवर, रुग्णालयात, बँकेत सर्रास ऐकू येते, आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. या रूपात ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागत नाही. समोर कॉलेजची मुलगी असो की आजोबा, “इथं सही करायची” एकच. दिवसभर शेकडो माणसांशी बोलणाऱ्याला ही मोठी सोय वाटते.

पण आदर कोणाला द्यायचा हे टाळण्याची सोय ही ऐकणाऱ्याला आदर टाळल्यासारखीच वाटते. शिवाय हे रूप मराठीत लहान मुलांना वळण लावताना फार वापरले जाते: “भांडायचं नाही”, “हात धुवूनच जेवायचं”. तेच सत्तरीच्या माणसाला ऐकवले की आपल्याला कोणीतरी शिस्त लावते आहे, असा त्याचा ग्रह होतो.

मग हे रूप चूकच आहे का? तसे नाही. रोज किंवा वरचेवर करायची गोष्ट समजावून सांगताना ते अगदी योग्य आहे. “ही गोळी सकाळी जेवणानंतर घ्यायची आणि ही रात्री झोपताना” असे औषधवाल्याने सांगितले तर कोणालाही खटकत नाही, कारण तो आज्ञा देत नाही, पद्धत सांगतो आहे. “आधी पोहे भिजवायचे, मग फोडणी करायची” हीदेखील पद्धतच. पण आत्ता, इथे, याच माणसाने करायच्या गोष्टीला हे रूप लावले की ते खटकते. पद्धत सांगायची असेल तर ‘करायचे’, आत्ता करून घ्यायचे असेल तर ‘करा’ किंवा ‘कराल का’. त्या कर्मचाऱ्याने “काका, इथं सही करा, आणि दोन मिनिटं तिकडे बसता का?” एवढे म्हटले असते, तर वेळ तेवढाच लागला असता.

रुग्णालयांत आणखी एक प्रकार ऐकू येतो: “आजी, गोळी घेऊ या हं.” गोळी आजींनाच घ्यायची असते, पण बोलणारी परिचारिका स्वतःला त्यात सामील करून घेते. काहींना हे आपुलकीचे वाटते, तर काहींना आपण लहान मूल झाल्यासारखे वाटते. ओळख नसताना “आजी, गोळी घेता का?” हे जास्त सुरक्षित.

‘आपण’ वापरताना सांभाळा

‘तुम्ही’पेक्षा आणखी वरची पायरी हवी असेल तर ‘आपण’ येते. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘तू आणि मी दोघे’ असाही अर्थ आहे. तो कोणता हे क्रियापद सांगते. ‘आपण फॉर्म भरू’ म्हणजे दोघे मिळून, ‘आपण फॉर्म भरावा’ म्हणजे तुम्ही.

‘आपण बसा’ हे चूक आहे, असे काही जण सांगतात. पण आदरार्थी ‘आपण’ला ‘तुम्ही’चीच रूपे लागतात. ‘आपण आलात’, ‘आपण म्हणालात’ हे जसे बरोबर, तसेच ‘आपण बसा’देखील. खरी गफलत होते ती एकाच वाक्यात पायरी बदलल्याने: ‘आपण तुमचा अर्ज जमा करावा.’ सुरुवात ‘आपण’ने केली तर पुढे ‘आपला अर्ज’ हवा. ‘तुम्ही’ने केली तर ‘तुमचा अर्ज’.

घरात मात्र हे गणित निराळे आहे. अनेक घरांत आईला आणि आजीला ‘तू’ म्हणतात, वडिलांना ‘तुम्ही’ किंवा ‘तू’. तिथे “आई, बस ना” यात अनादर नाही, जवळीक आहे. पण तोच ‘तू’ घराबाहेरच्या मावशींना लावता येत नाही. रिक्षावाले काका असोत, भाजीवाल्या मावशी असोत की घरी सामान पोहोचवणारा तरुण, अनोळखी प्रौढ माणसाला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’च योग्य. नात्याचा शब्द वापरला म्हणून एकेरीचा परवाना मिळत नाही. कामगारांना मात्र अनेक जण सहज “अरे, ते उचल” म्हणून जातात. प्रत्ययांतला हा भेदभाव ऐकणाऱ्याला बरोबर कळतो.

‘कृपया’शिवाय नम्र कसे बोलायचे?

‘कृपया’ हा शब्द मराठीत लिहिला जातो, बोलला क्वचितच जातो. बोलताना मराठी माणूस ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’ अशा छोट्या शब्दांनी काम भागवतो. “जरा सरकता का?”, “तेवढं दार लावाल का?”, “एवढा पत्ता सांगा ना.” ‘तेवढं’ म्हटले की काम लहान आहे, तुम्हाला फार त्रास नाही, हे न सांगता पोहोचते. ‘कृपया सरका’पेक्षा ‘जरा सरकता का’ कानाला कितीतरी मऊ लागते.

प्रश्नाच्या रूपात समोरच्याला ‘नाही’ म्हणायची जागा मिळते, म्हणून मदत मागताना ते सर्वांत उत्तम. पण सगळीकडे प्रश्न नको. धोक्याच्या वेळी “बाजूला व्हाल का?” म्हणत बसू नये, “बाजूला व्हा!” हेच बरोबर. ओटीपीसारख्या सूचनेतही ‘सांगू नका’ असे स्पष्ट सांगणेच वाचणाऱ्याच्या हिताचे असते.

संदेश पाठवण्याआधी ४ गोष्टी तपासा

१. वाक्यात ‘-नी’ आहे का? असेल तर क्रियापद ‘-आवे’ किंवा ‘नये’चे हवे. ‘-नो’, ‘-हो’ किंवा ‘तुम्ही’ असेल तर ‘करा’, ‘करू नका’ चालेल.

२. शेवटी ‘त’ लावण्याआधी माणसे मोजू नका, वस्तू मोजा. ‘पावत्या जोडाव्यात’, पण ‘सर्वांनी यावे’.

३. तू, तुम्ही, आपण यांपैकी जी पायरी सुरुवातीला घेतली, ती शेवटपर्यंत तीच आहे का?

४. फलक लिहिताय की माणसाशी बोलताय? फलकाला ‘करावे’, माणसाला ‘करा’ किंवा ‘कराल का’. आणि ‘करायचे’ फक्त पद्धत समजावताना.